खालचा बर्थ : कोणाला, कसा आणि केव्हा नाही

मागील वर्षी पुतणीच्या लग्नासाठी आम्ही चौघे कोल्हापूरहून नागपूरला निघालो. मी सदुसष्ट वर्षांचा, सौ. त्रेसष्टची, माझी थोरली बहीण आक्का चौऱ्याहत्तरची आणि चिरंजीव अडतीसचे. आक्कांचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. रात्री दोनतीन वेळा उठावे लागते. तिकीट काढताना चिरंजिवांनी सर्वांच्या नावापुढे खालच्या बर्थची पसंती नोंदवली होती, वये अचूक भरली होती आणि चारही जागा निश्चित मिळाल्या होत्या. मी निर्धास्त होतो.

गाडीत चढलो तेव्हा तिकिटावरचे आकडे नीट पाहिले. थ्री टियर एसीच्या एकाच डब्यात, एकाच खणात आम्हां चौघांना जागा होत्या : दहा, अकरा, तेरा आणि चौदा. दोन मधल्या आणि दोन वरच्या. खालच्या दोन्ही जागा, म्हणजे नऊ आणि बारा, परक्यांच्या. संगणकाने कुटुंब एकत्र ठेवले होते, परंतु ज्यांना खाली झोपणे आवश्यक होते त्यांना वर टाकले होते.

तिकीट तपासनिसांना विनंती केली. ते सौजन्याने म्हणाले, "काका, खालची जागा रिकामी असती तर मी नक्की दिली असती. तो अधिकार मला आहे. पण दुसऱ्याच्या नावावरची जागा मी तुम्हाला कशी देऊ?" अखेर नऊ क्रमांकावरच्या तरुणाने आपणहून आक्कांशी जागा बदलली. बारा क्रमांकावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते, त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. सौ. मधल्या बर्थवर चढली आणि मी वरच्या. त्या लोखंडी शिडीवर एक पाय आणि हवेत एक पाय अशा अवस्थेत माझ्या मनात एकच प्रश्न होता : ज्येष्ठांसाठी खालच्या जागा राखीव असतात म्हणतात, त्या गेल्या कुठे?

बँकेत चौतीस वर्षे काढल्यामुळे एखादा नियम लागू झाला नाही, की तो का लागू झाला नाही हे शोधल्याशिवाय मला स्वस्थता लाभत नाही. परत आल्यावर शोध घेतला. चूक रेल्वेची नव्हती, गर्दीचीही पूर्णपणे नव्हती. चूक आमच्या तिकिटाच्या रचनेत होती.

पसंती वेगळी, कोटा वेगळा

बहुतेक लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. तिकीट काढताना नावापुढे 'खालचा बर्थ' असे निवडले की ती केवळ पसंती असते. सर्वसाधारण कोट्यात त्या क्षणी खालची जागा शिल्लक असेल तर ती मिळते, नसेल तर उरलेल्यांतील कोणतीही मिळते. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांनी पसंती नोंदवली नाही तरी संगणक त्यांना आपणहून खालची जागा देण्याचा प्रयत्न करतो, हे खरे आहे. परंतु त्यालाही 'उपलब्ध असल्यास' ही अट आहे. आम्ही प्रवासाच्या बारा दिवस आधी तिकीट काढले होते. आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठ वाजता उघडते. उघडल्यापासून अठ्ठेचाळीस दिवसांत खालच्या जागा संपल्या, तर संगणक तरी कोठून आणणार?

कोटा ही निराळी व्यवस्था आहे. प्रत्येक डब्यातील काही खालच्या जागा सर्वसाधारण विक्रीतून बाजूला काढून ठेवलेल्या असतात. शयनयान वर्गाच्या डब्यात अशा सहा ते सात जागा असतात, थ्री टियर एसीच्या डब्यात चार ते पाच आणि टू टियर एसीच्या डब्यात तीन ते चार. गाडीला त्या वर्गाचे डबे किती आहेत, त्यावर हा आकडा थोडा बदलतो. ठेवीचे जसे वेगळे खाते असते आणि चालू खात्यातील शिल्लक संपली म्हणून ठेव मोडत नाही, तसेच हे आहे. सर्वसाधारण कोट्यात प्रतीक्षा यादी लागलेली असतानाही या खात्यात जागा शिल्लक असू शकते. उलट सर्वसाधारण कोट्यात जागा भरपूर असतानाही हे छोटे खाते रिकामे झालेले असू शकते. म्हणून दोन्ही पाहावे लागतात.

प्रमाण किती लहान आहे हेही ध्यानात घ्यावे. बहात्तर जागांच्या थ्री टियर एसी डब्यात नऊ खण असतात. प्रत्येक खणात समोरासमोर दोन खालच्या जागा, म्हणजे अठरा, शिवाय बाजूच्या खालच्या नऊ. या सत्तावीस जागांपैकी राखीव फक्त चारपाच. त्यातून आपल्या देशात साठी ओलांडलेले प्रवासी किती, हे मी सांगायला नको.

कोट्याचा दरवाजा कोणाला उघडतो

साठ वर्षे पूर्ण झालेले पुरुष, पंचेचाळीस वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रिया आणि गर्भवती स्त्रिया, एवढ्यांनाच हा कोटा आहे. स्त्रियांची वयोमर्यादा पंचेचाळीस आहे, हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. सर्वांच्या डोक्यात अठ्ठावन्न हा आकडा पक्का बसलेला. त्याचे कारण असे, की भाड्यातील सवलतीसाठी पूर्वी स्त्रियांना अठ्ठावन्न वर्षांची अट होती. ती सवलत पुरुषांना चाळीस टक्के आणि स्त्रियांना पन्नास टक्के मिळत असे आणि मार्च २०२० पासून ती बंद आहे. सवलत बंद झाली म्हणजे ज्येष्ठांचे सर्वच लाभ गेले, असे समजून अनेकांनी हा कोटा पाहणेच सोडून दिले. वस्तुतः सवलत आणि कोटा यांचा परस्परांशी संबंध नाही. कोट्यातील तिकिटाला नेहमीचेच पूर्ण भाडे पडते आणि कोटा आजही चालू आहे.

आता आमची चूक जिथे होती तो मुद्दा. हा कोटा एकट्याने प्रवास करणाऱ्या पात्र व्यक्तीला मिळतो किंवा एका तिकिटावर दोघे असतील आणि दोघेही पात्र असतील तर मिळतो. एका तिकिटावर तिघे आले, मग ते तिघेही सत्तरीचे असोत, की हा दरवाजा बंद. दोघे असले आणि त्यांपैकी एक पात्र नसला, तरीही बंद. म्हणजे आजीसोबत वीस वर्षांचा नातू एकाच तिकिटावर बसवला, तर त्या तिकिटासाठी आजीचे वय या कोट्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते.

आमच्या तिकिटावर चौघे होते आणि त्यांत एक अडतीस वर्षांचा. म्हणजे दोन्ही अटी मोडल्या होत्या. आई-वडिलांची आणि आत्याची काळजी म्हणून मुलाने सर्वांना एका तिकिटावर घेतले आणि त्या काळजीनेच तिघांची पात्रता घालवली. आपल्याकडे लग्नकार्याला किंवा यात्रेला जाताना उत्साही कार्यकर्ते सहासहा ज्येष्ठांची नावे एका तिकिटावर भरतात, कारण एका तिकिटावर सहा नावे बसतात आणि हिशेब सोपा होतो. त्या सहाजणांपैकी एकालाही हा कोटा मिळत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केले

यंदा त्याच पुतणीच्या डोहाळजेवणासाठी पुन्हा नागपूरला जायचे ठरले. मुहूर्त उशिरा कळल्याने हाती नऊच दिवस होते. चिरंजिवांनी संकेतस्थळ उघडले. गाडी आणि तारीख भरल्यावर सर्वसाधारण कोट्यात थ्री टियर एसीला प्रतीक्षा यादी दिसली. पूर्वीप्रमाणे चौघांचे एक तिकीट काढले असते, तर चौघेही प्रतीक्षा यादीत गेलो असतो.

या वेळी त्यांना शेजारी बसवून मी कोट्याची यादी उघडायला सांगितली. शोधाच्या पानावर जिथे `GENERAL` असे लिहिलेले असते, तिथे टिचकी मारली की आणखी नावे दिसतात. त्यांत `LOWER BERTH/SR.CITIZEN` असे एक आहे. ते निवडून पुन्हा शोधल्यावर त्याच गाडीत, त्याच वर्गात जागा उपलब्ध असल्याचे दिसले.

मग तिघा ज्येष्ठांची विभागणी कशी करायची, याचा विचार केला. दोघांचे एक तिकीट आणि एकाचे स्वतंत्र, एवढेच शक्य होते. स्वाभाविकपणे मी आणि सौ. एका तिकिटावर, आक्का एकट्या, असे कोणीही म्हणेल. परंतु वेगवेगळी तिकिटे वेगवेगळ्या डब्यांत जाण्याची शक्यता असते. रात्री आक्कांना उठताना कोणीतरी जवळ असणे आवश्यक होते. म्हणून आक्का आणि सौ. यांचे एक तिकीट काढले, माझे एकट्याचे दुसरे, दोन्ही याच कोट्यातून. चिरंजिवांचे तिसरे तिकीट सर्वसाधारण कोट्यातून, प्रतीक्षा यादीतले.

आक्का आणि सौ. यांना बी-३ डब्यात सतरा आणि वीस क्रमांक मिळाले, समोरासमोर आणि दोन्ही खालचे. मला बी-१ मध्ये तेहेतीस, तोही खालचा. चिरंजिवांचे तिकीट तक्ता तयार होताना निश्चित झाले आणि त्यांना बी-४ मध्ये बावीस क्रमांकाचा वरचा बर्थ मिळाला. कुटुंब तीन डब्यांत विखुरले गेले, ही या व्यवस्थेची किंमत. डबा आणि शिदोरी कोणाजवळ ठेवायची यावरून फलाटावर थोडी चर्चा झाली. परंतु आक्का रात्री स्वतःच्या पायांनी उठल्या आणि स्वतःच्या पायांनी परत येऊन झोपल्या. कोणाच्या उपकाराची गरज पडली नाही.

आकड्यांवरून जागा ओळखण्याची रीत सोपी आहे. ती माहीत असती, तर पहिल्या वेळी तिकीट हाती येताच आम्ही सावध झालो असतो. शयनयान आणि थ्री टियर एसी या वर्गांत प्रत्येक खणात आठ जागा असतात. आपल्या क्रमांकाला आठने भागावे. बाकी एक किंवा चार उरली तर जागा खालची, दोन किंवा पाच उरली तर मधली, तीन किंवा सहा उरली तर वरची. बाकी सात म्हणजे बाजूची खालची आणि भाग पूर्ण गेला तर बाजूची वरची. तेहेतीसला आठने भागल्यास बाकी एक, म्हणून खालची. दहाला भागल्यास बाकी दोन, म्हणून मधली. टू टियर एसीत मधला बर्थ नसतो आणि खण सहा जागांचा असतो, म्हणून तिथे सहाने भागावे लागते : बाकी एक, तीन किंवा पाच आली तर जागा खालची.

गर्भवतीसाठी खिडकीच

पुतणी पुण्याला राहते. वय सत्तावीस. तिला एकटीने नागपूरला माहेरी जायचे होते. जावईबापूंनी संकेतस्थळावर बराच वेळ घालवला, परंतु गर्भवती असल्याचे नोंदवायला तिथे जागाच सापडेना आणि सत्तावीस वर्षांच्या नावाला तो कोटा लागू होईना. कारण उघड आहे. वय संगणकाला कळते, पण गरोदरपण कागद पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर जावे लागते. त्यांनी प्रसूतितज्ज्ञांकडून प्रमाणपत्र घेतले, आरक्षणाच्या अर्जावर तसे लिहिले आणि तिकीट काढले. तिला खालची जागा मिळाली.

येथे स्त्रियांच्या कोट्याविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांत शयनयान वर्गात सहा जागा स्त्रियांसाठी वेगळ्या राखीव असतात. एकट्या स्त्रीला किंवा केवळ स्त्रियांच्या गटाला त्या मिळतात, वयाची अट नाही. परंतु तो कोटा जागेचा आहे, खालच्या बर्थचा नाही. त्यात वरचा बर्थही येऊ शकतो. पुतणीने तो कोटा निवडला असता, तर जागा मिळाली असती, पण ती खालचीच असेल याची शाश्वती नव्हती.

केव्हा मिळत नाही

अपात्र सहप्रवासी किंवा दोनाहून अधिक प्रवासी असल्यास कोटा लागू होत नाही, हे वर आलेच. त्याखेरीज काही प्रसंगी नियम पाळूनही खालची जागा हातात येत नाही.

पहिला प्रसंग तत्काळचा. तत्काळ हा स्वतःच एक स्वतंत्र कोटा आहे. एका तिकिटावर एकच कोटा चालतो, म्हणून तत्काळमध्ये ज्येष्ठांचा हा कोटा लागत नाही. पसंती नोंदवता येते, मिळाली तर नशीब. त्यामुळे आदल्या दिवशी तत्काळसाठी धडपडण्यापूर्वी हा कोटा एकदा पाहून घ्यावा. त्यात जागा असेल, तर तत्काळचे जादा शुल्कही वाचते.

दुसरा प्रसंग प्रतीक्षा यादीचा. यादीतील तिकीट कोणाचे तरी आरक्षण रद्द झाल्यावर निश्चित होते आणि जी जागा मोकळी झाली असेल ती मिळते. तिथे आपली पसंती टिकेल असे गृहीत धरू नये. आरएसी मिळाल्यास बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना बसून जावे लागते. जागा खालची असते खरी, पण ती अर्धीच असते.

तिसरा प्रसंग हव्यासाचा आहे. तिकीट काढताना वरच्या वर्गात विनामूल्य बढती हवी का, असा प्रश्न येतो. मोहाने होकार दिला आणि बढती मिळाली, की जुना बर्थ जातो आणि नव्या वर्गात नवा क्रमांक येतो. तो खालचाच असेल याची हमी नसते. ज्यांना खालची जागा ही सोय नसून गरज आहे, त्यांनी तिथे नकार द्यावा हे बरे.

चौथा प्रसंग म्हणजे कोटा संपलेला असणे. तेव्हा सर्वसाधारण कोट्यात जागा शिल्लक असेल, तर एक उपाय उरतो. तिकीट भरताना इतर पर्यायांत `Book only if at least 1 lower berth is allotted` असे एक वाक्य असते. ते निवडले की निदान एक खालची जागा मिळत असेल तरच तिकीट निघते. अन्यथा तिकीट निघत नाही आणि भरलेली रक्कम खात्यात परत येते. पहिल्या वेळी आम्ही हे निवडले असते, तर तिकीट निघाले नसते आणि तेव्हाच कळले असते, की या गाडीत आपल्याला खालची जागा नाही. मग दुसऱ्या दिवशीची गाडी पाहिली असती किंवा टू टियर एसी पाहिले असते. गाडीत चढल्यावर कळण्यापेक्षा घरी बसून कळणे केव्हाही चांगले.

एवढे करूनही वरची जागा आली, तर तिकीट तपासनिसांकडे जरूर जावे, परंतु काय मागायचे ते जाणून जावे. गाडी सुटल्यानंतर एखादा प्रवासी आला नाही आणि खालची जागा रिकामी राहिली, तर वरचा किंवा मधला बर्थ मिळालेल्या ज्येष्ठांना वा दिव्यांगांना ती देण्याचा आणि तक्त्यात तशी नोंद करण्याचा अधिकार त्यांना आहे. "कोणाला तरी उठवा" असे म्हणू नये. "एखादी खालची जागा रिकामी राहिली तर आमचा विचार करावा" असे म्हणावे आणि आपला डबा व क्रमांक सांगून ठेवावा. प्रवासात वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ बाळगावे, कारण कोट्याचा आधार वय आहे आणि ते तपासले जाऊ शकते.

खालची जागा मिळाली म्हणजे ती दिवसभर आपल्या एकट्याची होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. झोपण्याची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. एरवी मधल्या आणि वरच्या बर्थवरच्या प्रवाशांनाही तिथे बसण्याचा हक्क आहे.

पहिल्या प्रवासात आक्कांना जागा देणाऱ्या त्या तरुणाचे नावही मी विचारले नाही, याची रुखरुख वाटते. सकाळी तो मधल्या बर्थवरून उतरला तेव्हा आक्कांनी त्याच्या हातावर घरचा लाडू ठेवला. त्याने मात्र एवढेच विचारले, "आजी, झोप लागली ना?" त्याच्या चांगुलपणामुळे आमची एक रात्र निभावली. पण त्याला ती जागा सोडावी लागली, याचे कारण आम्ही तिकीट नीट काढले नव्हते. घरातील तरुण मंडळी तिकीट काढायला बसतील, तेव्हा शेजारी बसून इतकेच सांगावे : आम्हां दोघांचे वेगळे काढ, तुझे वेगळे काढ.